गुंतवळातली बट आणि तिसऱ्या दिवसाचा रंग

ठाण्यातल्या एका घरात फ्रिजच्या दारावर लग्नाच्या याद्या लागल्या आहेत. आहेराची यादी, मानपानाची यादी, बसमध्ये कोण आणि गाडीत कोण याची यादी. त्यांच्या शेजारी चुंबकाने अडकवलेल्या कोऱ्या कागदावर मात्र केसांच्या सात बारीक बटा चिकटपट्टीने लावल्या आहेत. सगळ्यात वरची बट काळी-पांढरी, जशीच्या तशी. खालच्या सहांपैकी एक तांब्याच्या भांड्यासारखी, दुसरी तांबूस तपकिरी, एक-दोन खजुराच्या रंगाच्या, बाकीच्या थोड्या अधिकउण्या. प्रत्येकीखाली पेनाने लिहिलंय: प्रमाण अमुक, तास अमुक, तारीख अमुक.

हा कागद 54 वर्षांच्या वरमाईचा आहे. गेल्या वर्षी भाच्याच्या मुंजीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मेंदी आणि नीळ एकत्र कालवून केसांना लावली आणि रात्री धुतली. सकाळी आरशात पाहिलं तर कानशिलांजवळचे केस एकीकडे नारिंगी आणि दुसरीकडे शेवाळासारखे हिरवट. त्या दिवसभर पदर डोक्यावरून घेऊन वावरल्या. दोन दिवसांनी तेच केस छान तपकिरी झाले, पण तोवर मुंजीचे फोटो निघून गेले होते. यंदा मुलाचं लग्न 14 डिसेंबरला. या वेळी त्यांनी 26 नोव्हेंबरलाच सुरुवात केली, आणि तीही डोक्यावर नव्हे, एका बटेवर.

पार्लरमध्ये याला ‘स्ट्रँड टेस्ट’ म्हणतात. सगळ्या डोक्याला रंग लावण्याआधी तोच रंग, त्याच प्रमाणात, थोड्याशा केसांवर लावून पाहायचा, इतकंच. कलपाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर ही सूचना बहुतेक वेळा असते आणि ती बहुतेक वेळा वाचली जात नाही. पार्लरमधल्या रासायनिक रंगासाठी ती उपयोगी आहेच. पण घरात लावल्या जाणाऱ्या मेंदी-नीळीसाठी ती फार जास्त उपयोगी आहे, कारण या दोन पाल्यांचा रंग धुतल्या क्षणी जो दिसतो तो त्यांचा खरा रंग नसतोच.

असं का होतं, ते आधी पाहू.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं नारिंगी-तांबडं द्रव्य असतं. पूड पाण्यात भिजवली की ते हळूहळू मोकळं होतं, केसात शिरतं आणि केसातल्या केराटिन या प्रथिनाला पक्कं चिकटतं. धुतल्यावर ते भडक नारिंगी दिसतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुढच्या दोन-तीन दिवसांत गडद होत जातं. हातावरची मेंदी रात्री काढली की केशरी आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद, हे घराघरातल्या मुलींना ठाऊक असतं. केसांवर नेमकं तेच घडतं, फक्त तिकडे कोणाचं लक्ष नसतं.

नीळीची चाल वेगळी. नीळीच्या पाल्यात निळा रंग तयार असा नसतोच. तिथे इंडिकन नावाचं रंगहीन द्रव्य असतं. वाळलेल्या पाल्याची पूड भिजली की पानातलंच एंझाइम त्याचे तुकडे करतं, त्यातून इंडॉक्सिल सुटतं, आणि इंडॉक्सिलला हवा लागली की त्याची नीळ बनते. म्हणून कालवलेली नीळ आधी हिरवीगार दिसते आणि पाच-दहा मिनिटांत वरच्या थरावर निळसर-जांभळी झाक येते. जे इंडॉक्सिल केसात शिरल्यावर निळं होतं ते कामाचं. जे वाडग्यातच निळं होऊन बसलं ते वाया गेलं, ते आता केसात शिरणार नाही. यामुळेच मेंदी तासन् तास भिजवायची असते आणि नीळ अगदी लावायच्या वेळी कालवायची असते. केसात शिरलेली नीळही धुतल्यानंतर दोन-तीन दिवस रंग पुरा करत राहते. मधल्या काळात ती हिरवट दिसते.

नारिंगीवर निळा चढला की तपकिरी होतो. पण पहिल्या दिवशी नारिंगी अजून फिका असतो आणि निळा अर्धवट, म्हणून पांढऱ्या केसांवर ते दोन्ही सुटेसुटे दिसतात. वरमाईंना मुंजीच्या सकाळी दिसला तो हा अर्धा झालेला रंग. अशा वेळी घाबरून पुन्हा नीळ लावणाऱ्या बायका आहेत. तिसऱ्या दिवशी त्यांचे केस हव्या त्या तपकिरीऐवजी काळेकुट्ट होतात, आणि बसलेली नीळ काढणं सोपं नाही.

आणखी एक गोष्ट या रंगांच्या स्वभावात आहे. दोन्ही रंग केसांचा मूळ रंग घालवत नाहीत, त्यावर चढतात. पांढऱ्या केसात मेलॅनिन नसतं, तो कोरा कागद. तिथे रंग उघडा दिसतो. काळ्या केसावर तोच रंग चढला तरी उन्हात एखादी लालसर चमक सोडली तर काही जाणवत नाही. त्यामुळे ‘या पाकिटाने कोणता रंग येतो’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शेजारणीच्या डोक्यावर आलेला रंग तिच्या पांढऱ्या-काळ्याच्या मिश्रणाचा असतो. स्वतःच्या मिश्रणाचं उत्तर स्वतःच्या केसांतूनच मिळतं.

ते केस आणायचे कुठून? मराठीत विंचरताना कंगव्यात येणाऱ्या केसांना गुंतवळ म्हणतात. पूर्वी बायका तो बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा डबीत साठवत. चाचणीसाठी तो फार कामाचा आहे. आठ-दहा दिवसांचा गुंतवळ साठवला की त्यातून गोधडी शिवायच्या दोऱ्याइतक्या जाड, म्हणजे पन्नासेक केसांच्या, चार-पाच बटा सहज होतात. हे केस सगळ्या डोक्यातून आलेले असल्यामुळे त्यांत पांढऱ्या-काळ्याचं सरासरी प्रमाण उतरतं. हा त्यांचा गुण, आणि हाच दोष. कानशिलांवर, भांगाच्या सुरुवातीला, जिथे पांढरे केस दाट असतात आणि जिथे बघणाऱ्याची नजर आधी जाते, तिथला रंग गुंतवळ सांगत नाही. त्यासाठी कानाच्या मागून किंवा कानशिलाच्या आतल्या थरातून, दिसणार नाही अशा जागची एक बारीक बट कापावी लागते. ठाण्याच्या वरमाईंनी पहिली फेरी गुंतवळावर केली आणि दुसरी कापलेल्या बटांवर. क्रम चांगला होता.

बटेचं एक टोक दोऱ्याने घट्ट बांधायचं, नाहीतर धुताना केस सुटून निम्मे मोरीत जातात. मग ती नेहमीच्या शाम्पूने किंवा शिकेकाईने धुऊन वाळवायची. तेल राहिलं असेल तर रंग नीट चढत नाही, आणि गुंतवळाला तेल हमखास असतं.

आता लेप. चाचणीचं सगळं मोल यात आहे की बटेवर जे लावलं तेच पुढे डोक्याला लागलं पाहिजे. पाकीट तेच, पाणी तेच, भिजवण्याचा वेळ तोच. मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची सवय असेल तर चाचणीलाही कढई आणि चहाच हवा, कारण कढईतलं लोह पाल्यातल्या आणि चहातल्या द्रव्यांशी मिळून लेप काळपट करतं आणि त्याने छटा बदलू शकते. काचेच्या वाटीत चाचणी आणि कढईत खरा लेप असं केलं तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. एक चमचा मेंदीला साधारण दोन ते तीन चमचे कोमट पाणी, भज्यांच्या पिठाइतकं सैल होईल इतपत. झाकून ठेवायचं. मेंदी ‘सुटली’ की नाही हे पाहायला तळहाताला लेपाचा ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसायचा. स्पष्ट केशरी डाग उरला तर लेप तयार. उन्हाळ्यात हे तीन-चार तासांत होतं, थंडीत रात्रभर लागू शकतं. किती तास लागले तेही लिहून ठेवायचं, कारण तोच आकडा खऱ्या दिवशी वापरायचा आहे.

नीळ वेगळ्या वाटीत. दोन चमचे पुडीला पाणी, कालवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि लगेच मेंदीच्या लेपात मिसळायची. चमचा एकच वापरायचा आणि तो सपाट भरायचा. एवढ्याशा मापात शीग असलेला चमचा आणि सपाट चमचा यांत दीडपटीचाही फरक पडू शकतो.

बटा लेपात पूर्ण बुडवून, केस न केस माखला जाईल असं बोटांनी चोळून, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळायच्या. उघड्या राहिल्या तर लेप सुकतो, आणि सुकलेला लेप काम थांबवतो. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. डोक्यावर लेपाला टाळूची ऊब मिळते, टेबलावरच्या बटेला ती मिळत नाही, म्हणून बटेवर रंग किंचित सावकाश चढतो. कोमट पाणी भरलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणावर पुडी ठेवली आणि पाणी अधूनमधून बदललं की हा फरक बराच कमी होतो.

वरमाईंनी 26 नोव्हेंबरला एक भाग मेंदी आणि दोन भाग नीळ असा लेप केला, त्यात तीन बटा एकाच वेळी माखल्या आणि एक तासाने पहिली, दोन तासांनी दुसरी, तीन तासांनी तिसरी काढली. म्हणजे प्रमाण कायम आणि बदल फक्त वेळेत. हे साधं वाटतं, पण चाचणी फसते ती बहुधा इथेच. एक बट जास्त नीळीची आणि तीच जास्त वेळ ठेवलेली असेल, तर रंग गडद झाला तो नीळीने की वेळेने, हे कळायला मार्ग राहत नाही.

काढलेली बट नुसत्या पाण्याने धुवायची, शाम्पू नाही. मग ती पूर्ण वाळू द्यायची. ओला केस नेहमीच गडद दिसतो, पांढरा असला तरी, त्यामुळे ओल्या बटेवरून ठरवलेला रंग एक-दोन छटांनी चुकतो. वाळलेली बट पांढऱ्या कागदावर लावून दिवसाच्या उजेडात पाहायची. खिडकीजवळचा, थेट ऊन नसलेला उजेड सगळ्यात विश्वासाचा. पिवळट दिव्याखाली तांबूस झाक वाढलेली दिसते आणि पांढऱ्या ट्यूबखाली तीच मावळते.

पहिल्या संध्याकाळी तिन्ही बटा निराश करणाऱ्या होत्या. एका तासाची नारिंगी, दोन तासांची मातकट, तीन तासांची सरळ हिरवट. वरमाईंच्या नणंदबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “वहिनी, हे असलं लावू नका हो, सरळ पार्लरला जा.” वरमाईंनी काही न बोलता कागदावर ‘पहिला दिवस’ लिहिलं आणि तो फ्रिजला लावला. दुसऱ्या दिवशी हिरवटपणा गेला होता. तिसऱ्या दिवशी, 29 तारखेला, दुपारी गॅलरीच्या दाराशी पाहिलं तेव्हा एका तासाच्या बटेतले पांढरे केस तांब्यासारखे झाले होते आणि काळ्यांमधून वेगळे उठून दिसत होते. दोन तासांची बट खजुराच्या रंगाची होती, पांढरे-काळे एकमेकांत मिसळलेले. तीन तासांची तिच्याहून जेमतेम गडद.

या तीन बटांनी जे सांगितलं ते कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं. पहिल्या आणि दुसऱ्या तासात मोठा फरक, दुसऱ्या आणि तिसऱ्यात नाममात्र. म्हणजे या केसांवर, या पुडीने, या हवेत, रंग चढण्याचं बहुतेक काम दोन तासांत संपतं. तिसरा तास डोक्यावर ओला लेप घेऊन मान अवघडून बसण्याला फारसं फळ नाही. दुसऱ्या एखादीच्या केसांवर हा उंबरठा तीन तासांवरही असू शकतो. जाड, गुळगुळीत, पाणी पटकन न शोषणारा केस रंगही सावकाश घेतो. उन्हाने किंवा वारंवारच्या रंगाने खरखरीत झालेला केस भराभर घेतो. म्हणूनच दुसऱ्याचा वेळ उसना घेता येत नाही.

दुसरी फेरी कानशिलाच्या केसांची. तिथले केस जवळपास सगळे पांढरे, वर ताठ. असे केस रंगाला बऱ्याचदा दाद देत नाहीत. 30 नोव्हेंबरला तीन बटा केल्या. पहिली त्याच एकास दोन प्रमाणाची, दोन तास. दुसरी त्याच प्रमाणाची, तीन तास. तिसरी एकास तीन, दोन तास. 3 डिसेंबरला दिसलं ते असं: दोन तासांची बट गुंतवळाच्या दोन तासांच्या बटेपेक्षा फिकी आणि लालसर होती. तेच प्रमाण, तोच वेळ, आणि तरी वेगळा रंग, कारण इथे फरक झाकायला काळे केसच नव्हते. तीन तासांची बट खजुराच्या रंगाला येऊन मिळाली. एकास तीनची बट गडद होती खरी, पण तिच्यात निळसर थंडपणा होता, आणि बाकीच्या केसांशेजारी ती परकी वाटली असती.

तेव्हा निर्णय झाला: प्रमाण एकास दोनच, पण कानशिलं आणि भांगाची कड यांना सुरुवात आधी, एकूण तीन तास. मागच्या केसांना एक तास उशिरा, दोन तास. पण एक तास आधी कालवलेली नीळ मागच्या केसांपर्यंत जाईस्तोवर वाडग्यातच निम्मी निकामी झालेली असणार. म्हणून मेंदी एकदाच भिजवायची, ती दोन भांड्यांत वाटायची, आणि प्रत्येक भांड्यात नीळ ऐन वेळी ताजी कालवून मिसळायची. बटांवरची चाचणी नुसती ‘किती तास’ सांगून थांबत नाही, ती असं कामाचं वेळापत्रकही ठरवून देते.

ज्यांना तपकिरी नको, काळाच हवा, त्यांच्यासाठी रीत निराळी असते. आधी नुसती मेंदी लावून धुवायची आणि मग त्यावर नुसती नीळ. त्याची चाचणीही त्याच दोन पायऱ्यांनी करावी लागते. मिश्रणाची बट पाहून दोन पायऱ्यांचा रंग ओळखता येणार नाही.

रंग कसा बसला याइतकंच तो कसा उतरतो हेही बट सांगते. निवडलेली बट दोन-तीन दिवसांत पाच-सहा वेळा शाम्पूने धुऊन वाळवली की पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज येतो. मेंदी पक्की राहते. पांढऱ्या केसांवरची नीळ मात्र थोडी सुटू शकते, आणि सुटली की खालचा तांबडा डोकावतो. वरमाईंच्या बटेवर सहाव्या धुण्यानंतर लालसर झाक आली. लग्नापर्यंत सहा वेळा केस धुवायचे नव्हते, त्यामुळे त्यांना फिकीर नव्हती. पण महिन्याभराने पुन्हा लावताना हे उपयोगी पडतं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा नवा पांढरा भाग मुळाशी तेवढाच असतो. टोकापर्यंत दर वेळी लेप ओढला तर जुन्या रंगावर रंगाचे थर चढत जातात आणि टोकं काळपट होतात. मुळांनाच लावायचं आणि टोकांना शेवटची पंधरा-वीस मिनिटं, हे चालेल की नाही, ते आधी रंगवलेल्या बटेवर पुन्हा लेप लावून पाहता येतं.

रासायनिक कलपाची गोष्ट थोडी वेगळी. त्यातली रंगद्रव्यं बारीक आणि रंगहीन स्वरूपात केसाच्या आत जातात, आणि डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे तिथेच एकमेकांशी जुळून मोठी आणि रंगीत होतात. हे काम अर्ध्या-पाऊण तासात संपतं, त्यामुळे तीन दिवस वाट पाहायची गरज नाही. वाळलेली बट दिवसाच्या उजेडात पाहिली की उत्तर मिळतं. पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच रंग आणि डेव्हलपर थोडे थोडे घ्यायचे, उरलेल्या बाटल्यांची झाकणं लगेच लावायची. एकत्र झालेलं मिश्रण साठवायचं नाही, ते बंद बाटलीत फुगतं आणि कामालाही येत नाही. बटांचे टप्पे तासांचे नव्हे, मिनिटांचे: समजा वीस, तीस आणि पाकिटावरची कमाल मर्यादा. त्यापुढे जायचं नाही. वाडग्यातलं मिश्रण दहा मिनिटांत काळं पडतं, त्यावरून मात्र काहीही ठरवू नये. ते हवेने काळं झालेलं असतं आणि केसाच्या आत काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. बटेवरचा अंदाज घ्यायचा तर दोन-चार केस ओल्या कापसाने पुसून, वाळवून पाहायचे.

ज्यांनी वर्षानुवर्षं कुठलीतरी तयार मेंदी लावली आहे आणि आता पार्लरमध्ये केस हलके करायचे आहेत, त्यांच्या बाबतीत ही चाचणी छटेपुरती राहत नाही. काही तयार मिश्रणांत शिसं, चांदी किंवा तांबं यांचे क्षार घातलेले असतात. शुद्ध मेंदीचा पेरॉक्साइडशी काही वाद नाही, पण या क्षारांचा आहे. केसशास्त्राच्या अभ्यासक्रमात यासाठी ठरलेली कसोटी शिकवतात. सहा टक्के पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे काही थेंब घालून त्यात कापलेली बट अर्धा तास बुडवायची. शिशाचे क्षार असतील तर बट झटकन फिकी पडते. चांदीचे असतील तर काहीच होत नाही, कारण केसावर थर बसलेला असतो. तांब्याचे असतील तर द्रावण गरम होऊन उकळू लागतं आणि केस तुटतो. हे डोक्यावर घडलं तर काय होईल, याची कल्पना वाटीत पाहूनच येते. अमोनियाची वाफ आणि पेरॉक्साइड यांमुळे ही कसोटी घरात करू नये, पार्लरवालीकडून करून घ्यावी. तिला पूर्वी काय काय लावलं ते खरं खरं सांगावं आणि शक्य असेल तर जुन्या पाकिटाचा फोटो दाखवावा.

घरातली साधी बटही एका फसवणुकीवर बोट ठेवते. निव्वळ मेंदी पांढऱ्या केसाला कधीच काळं करत नाही, नारिंगीपासून तांबूस तपकिरीपर्यंतच नेते. ‘शंभर टक्के हर्बल काळी मेंदी’ लिहिलेल्या पुडीने पांढरी बट अर्ध्या-पाऊण तासात काळीभोर झाली, मधे नारिंगी नाही आणि हिरवटपणाही नाही, तर त्या पुडीत मेंदीखेरीज आणखी काही आहे, आणि बऱ्याचदा ते पॅरा-फेनिलीनडायअमीन म्हणजे पीपीडी असतं. ते वापरावं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण तो माहिती असताना घेतलेला बरा. भारतात असं रंगद्रव्य असलेल्या कलपाच्या वेष्टनावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापणं बंधनकारक आहे. पुडी घेताना ती सूचना शोधावी.

त्या सूचनेतली चाचणी मात्र बटेची नव्हे, त्वचेची. दोन्ही नावांत टेस्ट आहे म्हणून गोंधळ होतो. कापलेली बट शरीराला टेकलेलीच नसते, त्यामुळे खाज, पुरळ, पापण्या सुजणं यांबद्दल ती एक अक्षरही सांगू शकत नाही. बटेवर सुंदर आलेला रंग टाळूला न सोसणारा असू शकतो. त्यासाठी पाकिटावर सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लेप लावून 48 तास पाहावं लागतं, आणि पूर्वी कितीही वेळा तोच कलप लावला असला तरी दर वेळी. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं काही न होता अचानक सुरू होऊ शकते. सणावाराला कधी हातावर ‘काळी मेंदी’ काढून फोड आले असतील, तर अशा कलपाची चाचणी घरी करत बसू नये, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. बटेची आणि त्वचेची चाचणी एकाच दिवशी सुरू करता येते, दोन्हींचे निकाल दोन-तीन दिवसांत हाती येतात.

वरमाईंच्या कागदावर आता तळाशी एक ओळ आहे: ‘10 डिसेंबर, सकाळी 9 कानशिलं, 10 मागचे, 12 ला सगळं धुणं, शाम्पू नाही.’ लग्न 14 तारखेला. म्हणजे हिरवटपणा 10 आणि 11 तारखेला येऊन जाणार, 13 च्या हळदीपर्यंत रंग बसलेला असणार. मेंदीची पूड आदल्या रात्री भिजवायची, कारण डिसेंबरच्या थंडीत ठिपक्याला डाग द्यायला तिने नऊ तास घेतले होते, तेही कागदावर आहे. नणंदबाई परवा पुन्हा आल्या तेव्हा फ्रिजपाशी उभ्या राहून बराच वेळ बटा पाहत होत्या. मग पर्समधून कागदात गुंडाळलेला स्वतःचा गुंतवळ काढून त्यांनी ओट्यावर ठेवला आणि विचारलं, “वहिनी, नीळ उरलीये का थोडी?”